जुळलेलं उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे पोपट म्हणतात. शाळेत असल्यापासून तिचं पाठांतर असं, की गाइडमधला छापखान्याचा पत्तासुद्धा म्हणून दाखवायची. पाण्याच्या टाकीवर पंपांची मदतनीस म्हणून लागली आणि हेड ऑपरेटरच्या परीक्षेला बसली, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. ती दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी तर प्रश्नातले आकडे सोडून तिनं गाइडमधले आकडे उतरवले आणि ओळ न ओळ बिनचूक लिहून आली, फक्त ते गणित पेपरात नव्हतंच.

आता वयाच्या अटीमुळे शेवटची संधी होती. हुकली की जन्मभर मदतनीस. तिच्यापेक्षा मलाच जास्त धाकधूक. माझा स्वभावच तसा, दूध उतू जायच्या आधीच मी ओरडते.

निवृत्त व्हायला आलेल्या म्हाताऱ्या हेडनं तिला सांगितलं होतं, "आधी स्वतः सोडव. मग गाइड उघड, पण एकेक ओळ. तुझ्या ओळीहून फाटा फुटला की गाइड मीट आणि कोऱ्या कागदावर पुन्हा कर." त्यामुळे ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाइडचं पान डब्याच्या झाकणाखाली झाकून बसायची. परीक्षा तोंडावर आलेली आणि बाईसाहेब एका गणितावर अख्खी संध्याकाळ घालवायच्या. मी भाजी चिरता चिरता दहा वेळा डोकावत होते.

त्या दिवशी गणित सोपं होतं. दोन पंप, एकेकटा टाकी चार तासांत भरतो, दोन्ही लावले तर किती वेळ? तिनं दोन तास लिहिलं. झाकण सरकवलं. गाइडमध्येही दोन. तिनं बरोबरची खूण केली.

"जुळलं ना? पुढचं घे," मी म्हटलं.

ती हलेना. झाकण अजून थोडं खाली सरकवून परत बघत बसली.

"ताई, उत्तर जुळलं, पण वाट नाही जुळली."

"मुक्कामाला पोचलीस ना? मग वाटेचं काय लोणचं घालायचंय?"

तिनं काय केलं होतं, तर चार आणि चार आठ, त्याची सरासरी चार, पंप दोन म्हणून निम्मे, दोन. गाइडचं वेगळंच. एक पंप तासाला पाव टाकी भरतो, दोन मिळून अर्धी, म्हणून दोन तास.

"दोन्ही बरोबर असतील. नाहीतर गाइडचं पाठ कर आणि सूट," मी वैतागून म्हटलं.

"पाठ करूनच दोनदा आपटले."

तिनं आकडे बदलले. एक पंप सहा तासांचा, एक तीनचा. तिच्या रीतीनं सव्वादोन तास आले, गाइडच्या रीतीनं दोन. मी भाजी चिरायची थांबले. आता खरं कुठलं?

तिनं गाइड मिटून माझ्या हातात दिलं. "दोन तास चालवून बघू. सहावाला पंप टाकीच्या तीन हिश्शांतला एक भरेल. तीनवाला दोन हिस्से. झाली टाकी." मग स्वतःच्या कागदाकडे बघून म्हणाली, "माझ्या हिशेबानं पाव तास पाणी रस्त्यावर गेलं असतं."

तिनं बरोबरची खूण खोडली. माझा जीव तुटला. जुळलेलं उत्तर कुणी खोडतं का?

"मी तासांची सरासरी काढत बसले. दोघांचं सारखं होतं म्हणून खपलं," ती म्हणाली. "बेरीज पाण्याची करायची." आणि वेगळे आकडे घेऊन, गाइड न मागता, पहिल्यापासून सुरू झाली.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होते. ती बाहेर आली, चेहरा कोरा.

"ओळखीचं आलं का?"

"एकही नाही."

"मग?"

"दोन पंप, चार तासांचा आणि सहाचा. शिवाय खालचा व्हॉल्व्ह गळका, एकटा भरलेली टाकी बारा तासांत रिकामी करणारा. मी तीन तास लिहिलं."

"कशावरून बरोबर? तिथं ताडून बघायला गाइड होतं का?"

"टाकी होती ना." ती चालत राहिली, मी मागे. "तीन तासांत पहिला पाऊण टाकी भरतो. दुसरा अर्धी. किती झाली?"

"सव्वा."

"व्हॉल्व्हनं पाव गळवली."

मी रस्त्यात उभी राहून बोटांवर मोजलं. एक टाकी, काठोकाठ. निकाल लागायला अजून अवकाश होता, पण मी तिथूनच आईला फोन लावला आणि सांगितलं, पोपट पास झाली.