इटालियन खिडकीत राहते

आमची ताई हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. बढतीच्या नादात तिने स्पॅनिश आणि इटालियन, अशा दोन परीक्षांचे अर्ज एकदमच भरले. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. आठवडाभरातच डोक्यात त्यांची गल्लत सुरू झाली.

मग ताईने वाटण्या केल्या. सकाळी ओट्यापाशी उभं राहून स्पॅनिश, संध्याकाळी खिडकीत बसून इटालियन. "ओट्यापाशी इटालियनचा शब्द काढलास तर याद राख," असं तिने मलाही बजावलं. मला दोन्ही येत नाहीत!

गल्लत मात्र खरंच थांबली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान. आता परीक्षेआधी जागा बदलत जा. एकाच खुर्चीत बसून आलटूनपालटून दोन्ही बोल." पण ताई ऐकते कुठली!

इटालियनच्या तोंडी परीक्षेला ती खुर्चीत बसली आणि तिची दातखीळच बसली. शेवटी तिने विचारलं, "मी खिडकीत बसू का?" तिथे तिची जीभ अशी सुटली, की परीक्षकांनीच हात जोडले.

ताई पास झाली, बढतीही मिळाली. आता इटालियन पाहुणा आला, की ती काउंटर सोडून तडक खिडकी गाठते आणि तो बिचारा बॅगा ओढत तिच्या मागे.