चाखलेलं कुठे धरतात!

सुक्या मेव्याच्या घाऊक दुकानात पोतं फुटलं की आधी चाखेमामांच्या जिभेवर यायचं. बेदाणा आंबला आहे का, अक्रोड खवट आहे का, हे ते डोळे मिटून सांगत. "मेंदू देताना देवाने हात आखडता घेतला," ते स्वतःच म्हणत, "जीभ मात्र सढळ दिली."

चार वर्षांपूर्वी याच माणसाला मधुमेह झाला. मधल्या वेळेला दहा बदाम किंवा लहानशी मूठ फुटाणे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मामा बदाम मोजून खात; अकरावा दिसला तर तोंड फिरवत. तरी बोट टोचून साखर मोजायच्या घरच्या यंत्रावर संध्याकाळी चारचा आकडा अडीचशेच्या घरात.

"पंधरा दिवसांत आकडे उतरले नाहीत तर गोळी वाढवू," बाई म्हणाल्या.

आधीच तीन गोळ्या गिळताना मामांचा जीव मेटाकुटीला येई. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "यंत्रच खोटारडं आहे."

"यंत्राचं तुमच्याशी काय वाकडं आहे?" बायको म्हणाली. "दुकानात काय काय खाता?"

"दहा बदाम. देवाशपथ!"

तिने एक रिकामा डबा दिला. "उद्या जे जे तोंडात टाकाल, तेवढंच यातही टाका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातल्या काट्यावर डबा चढला. बेदाणे सत्तर ग्रॅम. खजूर सहा. अंजीर चार. साखरेत घोळवलेले काजू किती, ते मोजायला मामा धजले नाहीत. पुड्या बांधणाऱ्या मावशींनी डोकावून विचारलं, "मामा, कुणाचं बारसं?"

"पण हे खाल्लेलं नाही," मामा घरी येऊन बायकोपुढे काकुळतीला आले, "हे चाखलेलं! चाखलेलं कुठे धरतात?"

"पोटाला जाऊन सांगा तसं."

मामांनी डबा तसाच डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. बाई आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "बदाम, पिस्ते साखर फारशी चढवत नाहीत, पण तेलकट, म्हणून मूठभरच. बेदाणे, खजूर म्हणजे पाणी उडालेलं फळ. साखर जागच्या जागी! एखादा ठीक, डबाभर नाही. फुटाणे चालतील, पण चाळा म्हणून दिवसभर नव्हे."

त्या दिवसापासून मामा एक बेदाणा चावत, चव घेत, कागदी पेल्यात थुंकत आणि चूळ भरत. अक्रोड चाखला की दहातला एक बदाम कमी. आयुष्यभर गिळण्यात तरबेज माणसाला थुंकणं काही जमेना. पहिल्या दिवशी तीन बेदाणे सवयीने पोटात गेले. मामांनी ते इमानदारीने वहीत लिहिले.

पंधराव्या दिवशी बाईंनी वही चाळली. चारचे आकडे दोनशे दहा, एकशे ऐंशी, मग एकशे साठच्या आसपास.

"गोळी आहे तेवढीच राहू दे. तपासत मात्र राहा."

मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाई, चार वर्षं मी त्या यंत्राला शिव्या घातल्या हो. आता त्याची माफी कशी मागायची?"

"रोज बोट पुढे करून," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.