लेकीच्या मापाचं घर

लेक सहा वर्षांची असताना जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठायची. आम्हाला ती खोड वाटली. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफी असल्याचं सांगितलं. स्नायू वर्षागणिक कमजोर होत जाणार. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं, "गरज पडायच्या वर्षभर आधी तयारी ठेवा."

माझं गडमुडशिंगीत वेल्डिंगचं दुकान, तयारी मलाच करता आली असती. पण बाईंनी व्हीलचेअरचं नाव काढलं की मी उठून बाहेर जायचो. एकदा खुर्चीत बसली की पोरगी कायमची बसेल, ही भीती.

पाचवीत ती शाळेच्या वाटेवर दोनदा पडली. दुसऱ्यांदा उचलून घरी आणली, तेव्हा म्हणाली, "पप्पा, चालत जाते मी, पण पोचल्यावर लिहायला ताकदच उरत न्हाय. मला चालायचं हाय का शिकायचं हाय?"

त्याच आठवड्यात आम्ही खुर्चीसाठी तिची मापं दिली. घरात चालायचं, लांब जायला खुर्ची, असं ठरलं.

दाराशी एकूण दीड फूट उंचीच्या पायऱ्या होत्या. मी सहा फुटांचा लोखंडी उतार जोडला. बाई बघून म्हणाल्या, "यावरनं मोटरसायकल चढेल, खुर्ची नाही. फूटभर उंचीला बारा फूट लांबी लागते." अठरा फूट अंगणात सरळ मावेनात. मग मधे सपाट जागा ठेवून उतार वळवला, दोन्ही कडांना कठडे लावले. बाथरूमचं दार रुंद केलं, कमोडशेजारी पकडायला दांडे बसवले. तेव्हा ती घरात चालत होती. शेजारी म्हणायचे, एवढी घाई कशाला? दोन वर्षांत तिचं चालणं थांबलं, तेव्हा घरात काही फोडावं लागलं नाही.

आठवीचा वर्ग माडीवर होता. सातवीतच ती अर्ज घेऊन मुख्याध्यापकांपुढं गेली. "सर, मला वर न्यायला चौघं लागतील. वर्गच खाली आणला तर?" सरांनी अर्ज दोनदा वाचला आणि जूनमध्ये आठवी खाली आली. अर्ज दिला त्या दिवशी मी दारात उभा होतो. बोलायचं सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातला एकही शब्द लागला नाही.

दहावीला तिनं जादा वेळ घेऊन पेपर स्वतःच्या हातानं लिहिले. अकरावीत हात लवकर दमू लागले. तिनं बारावीसाठी लेखनिकाचा अर्ज वेळेत दिला आणि वर्षभर आईला उत्तरं सांगून लिहून घ्यायचा सराव केला. गणितं तोंडी सांगणं सोपं नसतं. ती चांगल्या गुणांनी पास झाली.

आता ती बीकॉमला आहे. बोटांनी चालवायची विजेची खुर्ची आहे, पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायला झोळीची लिफ्ट आहे, श्वासाची तपासणी ठरल्या वेळी होते. पुढं काय लागेल, ते तीच आधी सांगते.

परवा मुरगूडहून एक जोडपं त्यांच्या मुलासाठी उतार बघायला आलं. मी मापाची टेप काढली. बाप माझ्याकडं बघून विचारू लागला. मी म्हटलं, "पावणं, तिला इचारा. मी नुसता वेल्डर हाय."