पहिल्या क्रमांकाची नोंदणी

माझं अक्षर बरं होतं, ही माझी खोडच म्हणायची. त्यापायी तालुक्याच्या शिक्षक संघाची सगळी पत्रकं माझ्या गळ्यात पडायची. जाफराबादजवळच्या खेड्यात पहिली ते चौथी मी एकटीच शिकवायची. रविवारी भोकरदनला येऊन पत्रकं छापायच्या मेणकागदावर लेखणीने अक्षरं कोरायची, म्हणजे स्टेन्सिल कापायची.

सत्त्याहत्तर साली मार्चमध्ये संघाची वार्षिक सभा ठरली होती. नोंदण्या झाल्या, उतरण्याच्या खोल्यांचे क्रमांक पडले, आणि निवडणूक जाहीर झाली. मास्तर सगळे मतदानाच्या कामाला आणि सभेची शाळा मतपेट्यांना. सभा पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चिटणिसांनी मजकूर दिला. सभा आता निकालानंतर, मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. सेवेत असलेल्या सभासदांची पूर्वीची नोंदणी कायम, नव्याने अर्ज करू नये. नोंदणीचा आणि खोलीचा क्रमांक तोच. आलेले ठराव पुन्हा पाठवू नयेत. ज्यांना नव्या तारखेला जमणार नाही त्यांनी कार्ड टाकून कळवावं.

लोखंडी लेखणीने मेणकागद कापताना नेमका 'सेवेत असलेल्या' या शब्दांवर फाटला. चुका बुजवायचं लाल औषध लावून फाटलेलं बुजवलं, पण वर पुन्हा लिहायचं धाडस झालं नाही. एसटीची वेळ झाली होती आणि मला चिटणिसांचा रागही आलेला होता, कारण चहासुद्धा कुणी विचारला नव्हता. दोन शब्द गाळले. 'सभासदांची पूर्वीची नोंदणी कायम.' वाचायला काही खटकत नव्हतं. पत्रं छापली आणि पोस्टाचा दाखला घेऊन रवाना केली.

सभेच्या दिवशी दारातल्या टेबलावर नोंदवही घेऊन मी बसले होते. पहिल्या क्रमांकावर धावड्याकडचे एक गुरुजी होते. आमच्या बौद्ध समाजातले पहिल्या पिढीचे मास्तर. सगळी नोकरी त्यांनी एकशिक्षकी शाळेत काढली होती. अशा शाळांना दुसरा शिक्षक मिळावा, हा ठराव त्यांचाच. ते आले, पिशवी ठेवली आणि सहीला हात पुढे केला.

चिटणीस मागून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तर मार्चअखेर निवृत्त झालात. आता पाहुणे म्हणून बसा. ठराव मांडता येणार न्हाई."

"दुसरं कोणी मांडेल का?"

"ठराव मांडणाराच सभासद राहिला न्हाई, म्हणून ठराव गळाला."

म्हणजे सभा वेळेवर झाली असती तर ज्यांना बोलता आलं असतं, त्यांना निव्वळ तारखेने गप्प बसवलं होतं. गुरुजींनी शांतपणे खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. "मंग हे काय हाय? सभासदांची नोंदणी कायम, असं बराबर लिहिलंय. मी तर याच्याच भरवशावर आलो."

चिटणिसांनी पत्र ओढून घेतलं. डोळे ओळीवर फिरले, मग माझ्यावर. छपाईवर ढकलता आलं असतं. पण गुरुजी अजून हात टेबलावर ठेवूनच उभे होते.

"दोन शब्द मी गाळले," मी म्हणाले. "कागद फाटला होता. चूक माझी, गुरुजींची न्हाई."

चिटणीस काय काय बोलले ते लिहीत नाही. आवाज ऐकून अध्यक्ष आले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "हेच पत्र सगळ्यांना गेलं ना? खाली सही संघाची हाय ना?" चिटणिसांनी होकाराची मान डोलावली. "मंग पत्र खरं. बाई, वही द्या त्यांना."

अध्यक्षांचे ते उपकार मी विसरले नाही. मला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही.

गुरुजी जेमतेम पाच मिनिटं बोलले. मास्तर आजारी पडला की शाळेला कुलूप लागतं, आणि पोरं कुलपाला हात लावून परत जातात, एवढंच. टाळ्या पडल्या नाहीत, पण हात सगळे वर गेले. त्यांना स्वतःला या ठरावाचा काही उपयोग राहिला नव्हता, हे मला ते पिशवी उचलून निघाले तेव्हा कळलं. जाताना ते म्हणाले, "बाई, अक्षर छान हाय तुमचं."

ठरावाचं घोडं तीन वर्षं अडलं. मग एक दिवस माझ्या शाळेत दुसरे मास्तर रुजू झाले. त्यांच्या हाती तिसरी-चौथी देऊन मी पाणी प्यायला रांजणापाशी गेले. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. मी बाहेर होते आणि माझी शाळा चालू होती. पेला हातात धरून मी तिथेच रडले.