दोनपैकी कोणता कंटेनर

लाखनीला हायवेच्या कडेला माझं घर आहे, तिथूनच मी नागपूरच्या कंपनीचं काम करतो. त्या दुपारी पेमेंटचा पॉड, म्हणजे सर्व्हरवर एकत्र चालणाऱ्या प्रोग्रामांचा गठ्ठा, सारखा पडत होता. असे पॉड सांभाळणारी कुबरनेटिस ही प्रणाली तो उठवायची, तो पुन्हा कोसळायचा, स्टेटस क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे पड-ऊठ चालूच. कॉलवर साहेबांनी आमच्या सहकारी बाईंना धारेवर धरलं. "तुमचाच कोड आहे. पोरगं झाल्यापासून डोकं कुठं राह्यते तुमचं?" सगळ्यांसमोर त्यांना कामावरून काढलं. बाई कॉलवरून गेल्या.

लॉग, म्हणजे प्रोग्रामनं लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचायला कोणाला वेळ नव्हता, शिव्या द्यायला होता. मी वाचले. बाईंचा कंटेनर, म्हणजे त्यांचा कोड ज्या डब्यात चालतो तो, ठणठणीत चालत होता. पण पॉडमध्ये कंटेनर दोन होते, आणि पडणाऱ्याचं नाव पॉडच्या घडामोडींच्या यादीत, इव्हेंट्समध्ये, स्पष्ट होतं: दुसरा, लॉग गोळा करणारा, साहेबांनी आदल्या दिवशी स्वतः जोडलेला. त्याचे पडण्याआधीचे लॉग काढले. शेवटची ओळ होती, कॉन्फिग फाइल, म्हणजे त्याच्या सेटिंगची फाइल, सापडली नाही.

मी ती स्क्रीनवर दाखवली. साहेबांनी फाइल जोडली, पॉड उभा राहिला.

"बाईंले फोन करू का?" मी विचारलं.

"कायले?" साहेब म्हणाले. "आता तर चालून राहिलं ना."