पडताळणी इष्ट आहे
कारखान्यात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. रुग्णालयांसाठी स्टरिलायझर बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाई सव्वीस वर्षं परदेशी पत्रव्यवहार सांभाळत होत्या. स्टरिलायझर म्हणजे शस्त्रक्रियेची अवजारं दाबाखालच्या वाफेत शिजवून काढणारी पोलादी पेटी. यातली बरीच यंत्रं फ्रेंच बोलणाऱ्या मुलखांत जायची आणि तिकडे जाणारा प्रत्येक कागद बाईंच्या हाताखालून जायचा.

त्यांच्या फ्रेंचचा दबदबा होता. तिकडचे ग्राहक विचारत, तुमच्याकडे कुणी फ्रेंच माणूस ठेवलाय का? बाईंना त्याचा गर्व होता आणि त्या तो लपवत नसत. नव्यांना शिकवताना त्यांचा एक आवडता धडा असे. ‘तुमचं पत्र आम्हाला मिळालं की लगेच’ यासाठी नवखा माणूस लिहितो, « dès que nous aurons reçu votre lettre ». बाई त्यावर लाल रेघ मारून वर लिहीत, « dès réception de votre lettre ». पत्रप्राप्तीनंतर तत्काळ. सात शब्दांचं काम पाचात, आणि वाक्य कसं इस्त्री केल्यासारखं! “क्रियापद घाम गाळतं,” त्या म्हणत. “नाम खुर्चीत बसून काम करतं.”

हा धडा वहीत उतरवून घेणारा एकजण पुढे निर्यात विभागाचा मॅनेजर झाला.

बाईंचे धाकटे दीर त्याच कारखान्यात चाचणी विभागात होते. एका आठवड्यात त्यांना एक यंत्र विचित्र वागताना दिसलं. आत थोडा दाब शिल्लक असतानाही दाराचं लॉक सुटलं. पुन्हा दहा वेळा करून पाहिलं, तर एकदाही सुटलं नाही. त्यांनी ते मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांचं म्हणणं पडलं की खात्री नसताना घबराट नको, पण त्या मालिकेची यंत्रं ज्या अकरा रुग्णालयांत गेलीत त्यांना एक पत्र जाऊ दे.

पत्र बाईंनी लिहिलं. संध्याकाळी जेवताना दिरांनी विचारलं, “काय लिहिलंत वहिनी?”

बाईंनी मधलं वाक्य म्हणून दाखवलं. « Une vérification du dispositif de verrouillage est souhaitable avant la prochaine mise en service des appareils. »

“आणि आपल्या भाषेत?”

“उपकरणांच्या आगामी वापरापूर्वी कुलूपयंत्रणेची पडताळणी इष्ट आहे.”

दीर हसले. “पण वहिनी, पडताळायचं कुणी?”

“भाऊजी, धंद्याच्या पत्रात असंच लिहितात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला.

सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन वाजला. पलीकडे एका रुग्णालयाच्या यंत्र-देखभाल प्रमुख होत्या. आवाज अगदी शांत होता. त्यांच्या एका परिचारिकेनं दार उघडलं आणि वाफ तिच्या मनगटावर आली. भाजलंय, हात वाचेल, असं डॉक्टर म्हणतात.

बाईंनी विचारलं, “पण आमचं पत्र... तुम्हाला मिळालं नव्हतं?”

“मिळालं होतं. फार सुंदर पत्र होतं. मी ते फाइलला लावलं.”

“तुम्ही तपासणी केली नाहीत?”

“त्यात मला कुणी काही करायला सांगितलंय, असं वाटलंच नाही,” त्या म्हणाल्या. “वर्षाकाठी अशी शंभर पत्रं येतात. सगळ्यांत काही ना काही इष्ट असतं.”

फोन ठेवून बाईंनी थेट चाचणी विभागात दिरांना गाठलं.

पावणेदहाला मोठ्या साहेबांच्या खोलीत पाचजण जमले: साहेब, कंपनीचे वकील, मॅनेजर, दीर आणि बाई. फोनचं कळताच दिरांनी त्याच मालिकेची शिल्लक दोन यंत्रं उघडली होती. लॉकची स्प्रिंग उलटी बसवलेली होती, आपल्याच जुळणी विभागात. म्हणजे ती बाकीच्या दहा ठिकाणीही उलटीच असणार.

“सरळ फोन करा ना सगळ्यांना,” साहेब म्हणाले.

“फोन करतेच आहे,” बाई म्हणाल्या. “पण लेखी हातात आल्याशिवाय तिथला माणूस चालतं यंत्र बंद करत नाही. शस्त्रक्रिया अडतात. दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. दुपारची पाळी सुरू व्हायच्या आत पत्र गेलं पाहिजे.”

मॅनेजरनं मसुदा तयारच ठेवला होता. बाईंनी तो वाचला आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘लॉकच्या जुळणीतील एका दोषाच्या निरीक्षणानंतर उपकरणांच्या वापराच्या तात्पुरत्या स्थगितीच्या अंमलबजावणीची शिफारस करण्यात येत आहे.’ फ्रेंचमध्ये नामाला नाम « de » नं जोडलेलं, मालगाडीच्या डब्यांसारखं. आणि इंजीन कुठेच नाही.

“हे नाही चालणार,” बाई म्हणाल्या.

मॅनेजर गोंधळला. “बाई, तुम्हीच शिकवलंत. माझ्या वहीत आहे अजून.”

“चुकीचं शिकवलं. म्हणजे अर्धंच शिकवलं.” त्यांनी कागद पुढे ओढला. “वरचा विषय नामांनीच लिहायचा. « Arrêt immédiat des stérilisateurs ». स्टरिलायझर तत्काळ बंद. शंभर पत्रांच्या ढिगात नजर तिथेच थांबली पाहिजे, तिथे क्रियापद लुडबुडतं. सुरुवातही तशीच: पत्रप्राप्तीनंतर तत्काळ. पण त्यापुढे माणसाला काही करायला सांगायचंय. तिथे क्रियापदच हवं, आणि ते कुणी करायचं तेही हवं.”

त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. « Dès réception de cette lettre, arrêtez l'appareil. N'ouvrez pas la porte tant que le manomètre n'indique pas zéro. » पत्र मिळताच यंत्र बंद करा. दाबाचा काटा शून्यावर येत नाही तोवर दार उघडू नका.

“फार उद्धट वाटतं,” मॅनेजर पुटपुटला. “आपण पुरवठादार. ते ग्राहक.”

“जिथे हात भाजतो तिथे सभ्यपणा म्हणजे स्पष्ट बोलणं. शेवटी सन्मानपूर्वक नमस्काराचं लांबलचक वाक्य घालतेच आहे, तिथे हवी तेवढी नामं घे.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. वकिलांचं बोट मात्र तिसऱ्या ओळीवर टेकलं होतं. « Nous avons mal monté le verrou. » आम्ही लॉक चुकीचं बसवलं.

“हे काढा.”

“खरं आहे ते.”

“खरं आहे म्हणूनच काढा. ‘जुळणीतील दोष’ म्हणा. दोष असतो, कुणी केला ते चौकशीत ठरेल.”

“चौकशी कसली? माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी,” दीर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

बाईंना वाटलं, आता अडून बसावं. मग वाटलं, आपण इथे एका वाक्यावरून भांडतोय आणि तिकडे कुणीतरी दाराच्या मुठीला हात घालत असेल. त्यांनी तिसरी ओळ खोडली आणि वर लिहिलं, « un défaut de montage ». जुळणीतील एक दोष.

“बाकीच्या दोन ओळींना हात लावायचा नाही,” त्या वकिलांना म्हणाल्या.

“नाही लावत.”

सव्वादहाला पत्र फॅक्सनं गेलं. मग बाई फोनला बसल्या. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: मिळालं का, बंद केलंत का? दुपारी एकपर्यंत सात उत्तरं आली, सातही ‘बंद केलं’ एवढीच. तीनपर्यंत नऊ झाली. दहावं रुग्णालय फोनच उचलत नव्हतं. बाई दर पाच मिनिटांनी लावत राहिल्या. मॅनेजरनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. दीर दारात येत, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत आणि न विचारताच परत जात. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते त्या दोन तासांत त्या मजल्यावर सगळ्यांना कळलं.

चार वाजून चाळीस मिनिटांनी पलीकडून एका पुरुषानं फोन उचलला. स्टरिलायझर चालवणारा तंत्रज्ञ होता तो. फोनची घंटा त्यानं ऐकली होती, पण त्याला यंत्रापुढून हलता येत नव्हतं. पत्र त्याच्या हातात पडलं तेव्हा यंत्र आधीच चालू होतं. फेरी संपली, हिरवा दिवा लागला, लॉक सुटल्याचा टक असा आवाजही आला. एरवी त्यानं दार ओढलंच असतं.

“मग?” बाईंनी विचारलं.

“काटा शून्यावर नव्हता. तुम्ही लिहिलंय उघडू नका, म्हणून नाही उघडलं. कुणी हात लावू नये म्हणून दोन तास समोर बसून राहिलो. आत्ता आला शून्यावर.”

बाईंनी आभार मानले, फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते, हसून की रडून ते दारातल्या दिरांना कळेना. “वहिनी? काय झालं?”

“बंद केलंय, भाऊजी,” त्या डोकं न उचलता म्हणाल्या.

महिन्याभरात सगळी लॉकं बदलली गेली. चौकशीत जुळणी विभागाची चूक ठरली, कंपनीनं ती मान्य केली आणि परिचारिकेला द्यायचं ते दिलं. दिलगिरीचं पत्र पाठवायचं कामही बाईंकडेच आलं. वकिलांचा मसुदा होता, ‘घडलेल्या प्रसंगाबद्दल खेदाची अभिव्यक्ती’. बाईंनी तो पाठवला, कारण तो कंपनीचा होता. त्याबरोबर साहेबांना विचारून स्वतःच्या सहीचा एक छोटा कागद जोडला. पहिलं पत्र मी लिहिलं होतं, मी तुम्हाला नीट सावध केलं नाही, मी माफी मागते. तीन वाक्यं, तिन्हींत ‘मी’. इतक्या वर्षांत धंद्याच्या पत्रात त्यांनी हा शब्द क्वचितच लिहिला असेल. लिहिताना लाज वाटली, असं त्यांनी नंतर दिरांना सांगितलं. चुकीची नव्हे, वाक्याच्या उघडेपणाची.

परिचारिकेचं उत्तर आलं नाही. बाईंनी बरेच दिवस वाट पाहिली, मग सोडून दिली.

त्या अजून नव्यांना शिकवतात. पत्रप्राप्तीचा धडा तसाच आहे. अहवालाचे मथळे, बैठकीची टिपणं, कराराची कलमं नामांनीच शोभतात, हेही सांगतात. फक्त आता लाल रेघ मारण्याआधी त्या पेन हवेत धरून विचारतात, “हे वाचून कुणाला काही करायचंय का?” उत्तर ‘हो’ आलं, तर क्रियापद तसंच राहू देतात.