पूर्ववत

सौसरच्या सरकारी दवाखान्यात मी आकड्यांचा कारकून होतो. लसी मोजायच्या, बाळंतपणं मोजायची आणि दर वर्षी तालुक्यातल्या प्रत्येक गावाची चालू लोकसंख्या काढून द्यायची. शिरगणती दहा वर्षांतून एकदा होणार, पण लस दर वर्षी लागते. मधल्या वर्षांत गावात किती माणसं आहेत हे कोणीतरी कागदावर ठरवावं लागतं, आणि ते काम माझं होतं. पांढुर्ण्याहून रोजच्या बसनं येताना मला वाटायचं, या बसमधल्या प्रत्येक गाववाल्याच्या गावाचा आकडा माझ्या खिशात आहे. तेव्हा वयच तसं होतं.

पद्धत सोपी होती आणि मला ती फार आवडायची. समजा, एखाद्या गावात एकाहत्तरला हजार माणसं होती आणि एक्याऐंशीला बाराशे दहा. म्हणजे दहा वर्षांत एकाची एक पूर्णांक एकवीस शतांश झाली. पाच वर्षांसाठी त्याचं वर्गमूळ काढायचं. ते येतं एक पूर्णांक एक दशांश. बाराशे दहाला त्यानं गुणलं की शहाऐंशीचे तेराशे एकतीस. माझ्या आधीचा कारकून सरळ निम्मी वाढ मिळवायचा, त्याचे तेराशे पंधरा आले असते. मी त्याला मनातल्या मनात हसायचो. माणसं व्याजावर व्याज चढावं तशी वाढतात, एवढंही त्याला कळत नव्हतं.

गावाचा आकडा आला की त्याला जिल्ह्याच्या जन्मदरानं गुणायचं. निघतील तितकी बाळं त्या गावच्या नर्सबाईंनी वर्षात शोधून टोचायची. तक्त्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असे, ‘आधार व गृहीतके’. तिच्यापुढे मी दर वर्षी एकच शब्द लिहीत असे: पूर्ववत.

शहाऐंशी साली रामाकोन्याच्या पुढच्या एका संत्र्याच्या गावाला माझ्या हिशेबानं चाळीस बाळं निघाली. तिथल्या नर्सबाईंनी बारा महिन्यांत सव्वीसच टोचली. बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, नवऱ्यामागे दोन मुलींना शिकवणाऱ्या, आणि इतक्या वर्षांनंतरही नोकरीत कच्च्याच. त्यांची कायम होण्याची फाइल त्याच महिन्यात डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर आली होती. साहेबांनी मला बोलावून विचारलं की बाकीची चौदा कुठं गेली. मी छातीठोकपणे सांगितलं की मुलं गावात आहेत, बाई फिरत नसतील. साहेबांनी फाइल बाजूला ठेवली आणि बाईंना नोटीस काढली.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. मला तेच जड गेलं.

“सव्वीसचे सव्वीस टोचले ना भाऊ म्या,” त्या म्हणाल्या. “सत्ताविसावं पैदा कराले मी थोडीच हाय? तुमी चाला माह्यासंगं. घरोघरी गिना. एक जरी लेकरू जास्त सापडलं, तं नोटीस खरी.”

मी गेलो, पण खरं सांगायचं तर त्यांची लबाडी पकडायला गेलो. पोळा होऊन गेला होता आणि वाटेवर चिखल होता. बाईंच्या हातात जोडप्यांचं रजिस्टर, माझ्या हातात तक्ता. घर आलं की त्या दारातूनच हाक मारत आणि कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाचं पोर माहेरून परत आलं, हे रजिस्टर न उघडता सांगत. आमचं अजून एक गृहीत होतं की बाळंतपणाला गावातून माहेरी जाणाऱ्या सुना आणि गावात माहेरी येणाऱ्या लेकी सारख्याच. बाईंना असलं गृहीत लागतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावातली सगळी घरं झाली. लेकरं सव्वीसच निघाली. माणसं मात्र माझ्या आकड्यापेक्षा चारशेंनी कमी भरली.

चारशे माणसं म्हणजे काही हरवलेली शेळी नव्हे. मी गावची राखण आणि नोंदी करणाऱ्या कोटवाराच्या ओट्यावर बसून पुन्हा बेरीज केली, तरी तेच. मग कोटवाराला विचारलं की एक्याऐंशीनंतर गावातून कोणी उठून गेलं का.

“गावचं कोणी गेलं नाई जी,” तो म्हणाला. “पर त्या साली मास्तरानं बागेतल्या खोपटातले माणसंबी गिनले होते. संत्रा तोडाले वरच्या पहाडातले माणसं आले होते ना, दोन महिने तंबू ठोकून.”

एक्याऐंशीची मोजणी फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन तोडणीच्या दिवसांत. मोजणीचे सगळे दिवस जो जिथं मुक्कामाला, तो तिथलाच धरायचा, हा शिरगणतीचा नियम. मास्तरांनी तो पाळला होता, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एकाहत्तरला या बागा लहान होत्या, तोडायला संत्रीच नव्हती, म्हणून तंबूही नव्हते. मी ते तंबू गावाची वाढ म्हणून धरले आणि त्या वाढीवर पुढची पाच वर्षं आणखी वाढ चढवली. वर तोडणीला आलेले बहुतेक बाप्ये असताना त्यांना बाळंही होतील असं गृहीत धरून तीही बाईंच्या माथी मारली. वर्गमूळ अगदी बरोबर होतं. पण जे जसं चाललं तसंच चालेल, बाहेरून येणारे येऊन राहतील आणि प्रत्येक गावात बायामाणसांचं प्रमाण जिल्ह्यासारखंच असेल, हे तिन्ही मी तपासलं नव्हतं. त्या तिन्हींच्या जागी मी ‘पूर्ववत’ लिहून मोकळा झालो होतो.

परतताना बाईंनी मला शब्दानंही बोल लावला नाही. मीच म्हणालो की चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, “मले नका सांगू भाऊ. ज्याले सांगतलं, त्याले सांगा.”

साहेबांना सांगणं सोपं नव्हतं. तालुक्याचा आकडा जिल्ह्याकडून बांधून येई आणि गावांची बेरीज त्याला जुळलीच पाहिजे. एका गावातले चारशे काढले तर ठेवायचे कुठं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, बाकीच्या गावांत त्यांच्या त्यांच्या प्रमाणात वाटतो, कोणाच्या वाट्याला दोन येतील, कोणाच्या तीन. चूक त्यानं मिटत नव्हती हे मला कळत होतं. ती इतकी पातळ होत होती की एकट्या कोणाच्या गळ्याशी येणार नव्हती. त्याहून चांगला उपाय माझ्याजवळ तेव्हा नव्हता, आणि पुढंही सापडला नाही.

महिन्याच्या बैठकीत सगळ्या नर्सबाई समोर बसल्या असताना मी उभा राहिलो आणि सुधारलेला तक्ता वाचला. तळाच्या ओळीपुढं आता सात ओळी होत्या: कोणत्या दोन मोजण्यांवरून वाढ काढली, मोजणी कोणत्या महिन्यात झाली, त्या वेळी गावात बाहेरचे कोण होते, जन्मदर कुठला लावला. शेवटी लिहिलं होतं की त्या संत्र्याच्या गावात सव्वीस बाळं होती, सव्वीसच्या सव्वीस टोचली गेली, आणि चाळीसचा आकडा माझ्या चुकीचा होता. खाली माझी सही. साहेबांनी नोटीस मागं घेतली आणि फाइल पुढं पाठवली.

दिवाळीनंतर बाई कायम झाल्या. पेढे सगळ्यांना दिले, मलाही दिले. मग माझ्याजवळ थांबून त्या कागदाची एक नक्कल मागितली, सहीसकट. आता ती कशाला, असं मी विचारलं.

“तुमची बदली होईन,” बाई म्हणाल्या, “मंग नवा येईन. त्याले दाखवाले लागन ना.”

मी कार्बन लावला आणि सातही ओळी पुन्हा हातानं लिहून दिल्या.